काडतुसाच्या मागची जागा

११ ऑक्टोबर, शनिवार. रक्कम सात हजार चारशे रुपये. हजर: मी, माझी पत्नी आणि चष्म्याच्या दुकानाचे मालक. रक्कम नवीन चष्म्याची. पावती मी पाकिटात ठेवली, ती अजून आहे.

हा चष्मा माझ्या आग्रहाने घेतला गेला. पत्नीचं वय सत्तेचाळीस. आठ वर्षांपूर्वी मुलीला रायफल शूटिंगच्या क्लबवर सोडायला जायची, बाकावर बसून कंटाळायची, म्हणून तिथल्या सरांनी एकदा हातात रायफल दिली. पुढे मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिने शूटिंग सोडून दिलं. आई मात्र राहिली. कोल्हापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एक नेमबाज सापडेल. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी जिल्ह्याच्या संघात निवडीची खटपट करणारी गृहिणी आमच्या क्लबमध्ये ती एकटीच.

तिचा प्रकार पन्नास मीटर, जमिनीवर पालथं पडून, साठ गोळ्या, सहाशेपैकी गुण. दसऱ्याआधीच्या दहा सरावांची सरासरी पाचशे अठ्ठ्याहत्तर होती. निवडीसाठी पाचशे सत्तर लागणार होते आणि निवड दिवाळीनंतरच्या रविवारी. म्हणजे हाताशी आठ गुणांची सवलत होती. हे आकडे मला पाठ असायचं कारण, क्लबचं गुणांचं रजिस्टर आणि बंदुकांचं रजिस्टर, दोन्ही मीच लिहितो. मी फाउंड्रीत तपासणी विभागात आहे. दिवसभर मापं घेतो, आणि ती खोड घरीही सुटत नाही, असं पत्नी म्हणते.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सरावात तिला पाचशे सहासष्ट पडले. दुसऱ्यात पाचशे त्रेसष्ट. तिसऱ्यात पाचशे एकसष्ट. मी घरी बसून आलेख काढला आणि जेवताना तिच्यासमोर ठेवला. वाचायचा चष्मा तिला चार वर्षांपूर्वीच लागला होता. मी म्हणालो, रेषा उतरते आहे ती डोळ्यांमुळे, वय आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिने आलेख बघितला, ताटातली भाकरी संपवली आणि मग म्हणाली, ह्या वेळी बघते, नाही जमलं तर सोडते. मला त्या वेळी वाटलं की मी तिला मोकळेपणाने खरं सांगितलं. आज तो कागद आठवला की चांगलं वाटत नाही.

चष्मा घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी सातला आम्ही रेंजवर गेलो. शहराबाहेर, उसाच्या फडाला लागून, मातीचा उंच बांध घालून केलेली साधी रेंज आहे. पत्नी चौथ्या जागेवर, क्लबची रायफल घेऊन. तिच्या शेजारी पाचव्या जागेवर एक निवृत्त सुभेदार, त्याच कंपनीची, त्याच बनावटीची दुसरी रायफल घेऊन. दोन्ही रायफली जुन्या. तिच्या रायफलीच्या नंबराचे शेवटचे आकडे २१४, सुभेदारांच्या ५९०. कागदावर आम्ही त्यांना याच नावाने ओळखतो.

सुभेदारांचा आवाज रेंजच्या त्या टोकाला ऐकू जातो. त्या दिवशीही ते बोल्टवर चिडलेले होते. बोल्ट म्हणजे रायफलीचा मागचा सरकता दांडा; तो मागे ओढून काडतूस घालायचं, पुढे ढकलून खाली दाबला की काडतूस नळीत बंद होतं. सुभेदार तळहाताने तो ठोकत होते.

"दसऱ्यापास्नं बसंना झालाय ह्यो," ते मला म्हणाले. "पूजा तुम्हीच केलासा न्हवं? कुंकू घातलासा जनू ह्याच्या नरड्यात."

मी हसलो. कुंकू पुसून तेलाचा हात दिल्याचं मी त्यांना सांगितलं. ते खरंच होतं.

पत्नीची सोळावी गोळी उडालीच नाही. घोडा पडला, खट्ट झालं, बाकी शांत. ती नियमाप्रमाणे रायफल निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबली, मग बोल्ट उघडला. काडतुसावर ठोक्याची खूण होती, पण पुसट. त्या आठवड्यातलं ते चौथं न उडालेलं काडतूस. मी ते वहीत लिहिलं. काडतुसांची पेटी खराब असेल, असंही शेजारी लिहिलं.

सव्विसाव्या गोळीला आवाज निराळा आला. नेहमीच्या टणक आवाजाच्या आत एक फुस्स होतं. पत्नीने मान मागे घेतली आणि रायफल तशीच निशाणाकडे ठेवून डावा हात वर केला. मी जवळ गेलो. तिच्या उजव्या गालावर काजळासारखा काळा पट्टा होता. नव्या चष्म्याच्या उजव्या काचेवर काळे ठिपके, आणि त्यांच्यामध्ये पितळेचा एक कण चिकटलेला, मोहरीच्या दाण्याच्या चतकोर. काचेवर बारीक ओरखडा उठला होता. काचेच्या मागे डोळा होता.

ती म्हणाली, "दिसतंय मला. घाबरू नका."

घाबरलो होतो. याआधी ती चष्मा न लावता शूटिंग करायची. लांबचं तिला स्वच्छ दिसायचं, आणि आमच्या क्लबमध्ये डोळ्यांना काही लावायची सक्ती नव्हती. आता आहे.

सरांनी रेंज थांबवली. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या. पत्नीने बोल्ट उघडला तेव्हा रिकामी नळकांडी बाहेर आली, तिची मागची किनार एका बाजूला फुगून फाटलेली होती. सुभेदारांनी ती हातात घेऊन फिरवली आणि प्रथमच आवाज खाली आणून म्हणाले, "मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री म्हणजे जुन्या गावातले परवानाधारक बंदूक दुरुस्त करणारे. वय सत्तरच्या पुढे. सरांनी फोन केला आणि तासाभरात ते स्कूटरवरून आले, पुढे पायाशी पत्र्याची पेटी. आल्या आल्या त्यांनी रायफलीकडे बघितलंच नाही. आधी पत्नीला उन्हात उभं करून डोळा बघितला, डॉक्टरांना दाखवायचं वचन घेतलं, मग म्हणाले, "वैनी, निशाण दावा."

पत्नीने त्या दिवसाचे आणि आधीच्या सरावांचे कागद दिले. तिला वाटलं, डोळ्यांचं सांगून टाकावं. तिने सांगितलं की वय झालं, दिसत नाही नीट, म्हणून गुण पडतात.

मिस्त्रींनी कागद गुडघ्यावर ठेवले. "डोळा गेल्यावर गोळ्या चहूकडं जात्यात," ते म्हणाले. "ह्या बघा कशा हाईत. उभ्या. एकीखाली एक. डावी-उजवी न्हायच. डोळ्यानं नेम बरोबर धरलाय की वो. गोळीच कवा जोरात जातीया, कवा दमानं."

सरांनी विचारलं, श्वासामुळेही उभी रेघ पडते ना? मिस्त्री म्हणाले, पडते, पण श्वासाने किनार फाटत नाही.

मग त्यांनी पेटी उघडली. आत फडक्यात गुंडाळलेल्या दोन छोट्या पोलादी चकत्या होत्या, काडतुसाच्या मागच्या भागासारख्या घडवलेल्या. त्या बघताच मी ओळखल्या. फाउंड्रीत माझ्या टेबलावर अशीच जोडी असते, फक्त भोकं मोजायची: एक 'गो', जी गेलीच पाहिजे, आणि एक 'नो-गो', जी जाता कामा नये. दोन्हींच्या मधे माल पास. बंदुकीसाठीही अशी जोडी असते हे मी ऐकून होतो, पाहिली कधी नव्हती.

त्या चकत्या काय मोजतात, हे मी विचारल्यावर त्यांनी समजावलं, आणि इथे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या लहान काडतुसाला मागे पातळ किनार असते. ती नळीच्या मागच्या काठावर टेकते. तिच्या मागे बोल्टचं तोंड येतं. नळीचा काठ आणि बोल्टचं तोंड यांच्यामध्ये किनारीसाठी उरलेली जागा, तिला हेडस्पेस म्हणतात. आमच्या काडतुसांची किनार साधारण एक मिलिमीटर. मिस्त्रींची 'गो' चकती एक पूर्णांक शून्य नऊ मिलिमीटरची, 'नो-गो' एक पूर्णांक सतरा. जागा या दोन मापांच्या मधे हवी. म्हणजे बोल्ट सहज मिटतो, आणि तरीही काडतुसाला मागून टेकू राहतो.

बोल्टमधली स्प्रिंग आणि काडतुसावर ठोका देणारी पिन काढून, दोन बोटांनी, जोर न लावता, त्यांनी पत्नीच्या रायफलीत 'गो' घातली. बोल्ट मिटला. मग 'नो-गो' घातली. बोल्ट तसाच मिटला, जणू आत काहीच नव्हतं. मी दहा वर्षं मापं घेतो. दांडा असा अलगद खाली जाणारा माल मी फाउंड्रीत तिथल्या तिथे नापास केला असता. त्यांनी चकतीमागे पातळ पत्र्याची पानं लावत लावत मोजलं. एक पूर्णांक बत्तीस.

"आता फळीवर खिळा ठोकायचाय," मिस्त्री म्हणाले, "आणि फळीला मागनं टेकूच न्हाय. काय हुतंय?"

फळी सरकते, मी म्हणालो.

"तसंच. पिन काडतुसाला मारायच्या आधी ढकलतीया फुडं. निम्मा ठोका वाया. कवा दारू नीट पेटतीया, कवा अर्धवट, कवा पेटतच न्हाय. म्हणून ती उभी रेघ. आन् पेटल्यावर किनारीला मागं आधार न्हाय, ती फुगतीया, फाटतीया, आणि धूर येतोय बाईमाणसाच्या तोंडावर."

पत्नी पुढे आली. तिने फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे डोळ्यांचं नव्हतं?"

"डोळ्याचं न्हाय."

ती बाकावर जाऊन बसली आणि पाणी प्यायली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तो आलेख माझ्या वहीत घडी करून ठेवलेला होता.

मग सुभेदारांनी आपली रायफल पुढे केली. तिच्यात 'गो' घातली तर बोल्ट मिटेना. सुभेदार सवयीने तळहात उगारून पुढे आले. मिस्त्रींनी त्यांचं मनगट धरलं.

"सुभेदारसाहेब, ह्या काडतुसाची पेटती दारू कुठं असतीया?"

"किनारीत."

"आणि तुम्ही बोल्ट ठोकून दाबताय काय?"

सुभेदारांनी हात खाली घेतला. किनार चेपली जात असताना, बोल्ट पुरता बंद व्हायच्या आधीच काडतूस उडालं तर सगळा जोर मागे येतो. ते बारा दिवस रोज साठ वेळा ठोकत होते. आणि प्रत्येक ठोक्याला मांडलेलं अंग हलत होतं, कोपर सरकत होतं, म्हणून त्यांच्या गोळ्या कागदभर विखुरलेल्या होत्या. जागा जास्त झाली तर एक नुकसान, कमी झाली तर दुसरं. शेजारी शेजारी दोन्ही चालू होती, आणि दोन्ही माझ्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरात होती. मी सुभेदारांचा रकाना उघडून बघितला. दसऱ्यापासून तेही वीस गुणांनी खाली आले होते. मी आलेख फक्त एका रकान्याचा काढला होता.

मिस्त्रींनी दोन्ही बोल्ट बाहेर काढले, उलटे केले, चष्मा कपाळावर सरकवून नखाने खालचा तेलकट थर खरवडला. थराचा रंग लालसर होता. खाली नंबर दिसला. पत्नीच्या रायफलीतून निघालेल्या बोल्टवर ५९०. सुभेदारांच्या रायफलीतून निघालेल्यावर २१४.

 मला सगळं एकदम आठवलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, क्लबमध्ये शस्त्रपूजा होते. त्या दिवशी बायकापोरं येतात, फोटो काढतात, म्हणून सुरक्षेसाठी आम्ही सगळ्या रायफलींचे बोल्ट काढून घेतो. रायफली पांढऱ्या चादरीवर ओळीने, बोल्ट समोर पितळी ताटात, त्यांवर हळदकुंकू आणि झेंडू. हे काम माझं. संध्याकाळी बोल्ट पुसून परत घालायचं कामही माझं. त्या संध्याकाळी पत्नी मदतीला होती. तिने विचारलं होतं, "अहो, नंबर बघताय ना?" प्रसादाचं वाटप चालू होतं, कुणीतरी मला हाक मारत होतं. मी म्हणालो, दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत, कुठला कुठेही बसतो. बसला, हे खरं. आणि मग रजिस्टरात 'बोल्ट नंबर तपासला' या रकान्यात ओळीने बरोबरच्या खुणा केल्या आणि सही केली.

हे मी तिथे उभ्या उभ्या सगळ्यांना सांगितलं.  मिस्त्रींनी बंदुकांचं रजिस्टर मागितलं आणि आठ वर्षांपूर्वीचं पान उघडायला लावलं. २१४ नंबरच्या रायफलीची आतली कड, जिच्यावर बोल्ट अडकतो, ती झिजलेली होती. त्यांनी त्या वेळी तिला किंचित लांब बोल्ट घडवून बसवला होता. शेजारी लिहिलं होतं: 'हा बोल्ट याच रायफलीचा. दुसऱ्यात घालू नये.' अक्षर माझं.

मिस्त्रींनी मायक्रोमीटरने दोन्ही बोल्ट मोजले आणि आकडा मला लिहायला सांगितला. लांबीतला फरक शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर. उरलेलं गणित मी केलं. बोल्ट आपापल्या जागी गेले तर पत्नीच्या रायफलीची जागा एक पूर्णांक बारा होणार. तेवढीच झाली. दोन्ही रायफलींत 'गो' गेली, दोन्हींत 'नो-गो' अडली. तरीही त्यांनी फाटलेल्या किनारीमुळे नळीचा काठ दुखावला नाही ना, हे भिंगातून तपासलं, पिनची लांबी बघितली, नळीत अडकलेलं काही नाही याची खात्री केली, आणि मगच सरांना हो म्हणाले.

सुभेदारांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "बारा दिस ठोकतोय मी. फौजेत हवालदारानं येकदा ठोकताना बघितलं असतं तर मला बडवला असता. मीबी इचारलं न्हाय की." मग थोडं थांबून, "कुंकवाला मात्र उगंच बोललो."

घरी येताना मी गाडी डॉक्टरांकडे घेतली. डोळा ठीक होता. परत निघताना मी पत्नीला म्हणालो की चूक माझी, आलेखही माझा.  गाडी रंकाळ्यापाशी आली तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही डोळ्यांचं म्हणालात म्हणून चष्मा घेतला. चष्मा घेतला म्हणून डोळा राहिला. आता ह्याचा हिशोब कसा मांडायचा ते तुम्हीच बघा." मला तो अजून मांडता आलेला नाही. पण ती ते हसून म्हणाली, त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

ओरखडा उठलेली काच बदलायला दुकानदार तयार होते. तिने बदलू दिली नाही. ओरखडा कडेला आहे, आड येत नाही, असं तिचं म्हणणं.

दिवाळीनंतरच्या रविवारी निवड झाली. चाळीस गोळ्यांपर्यंत ती सरासरीच्या वर होती, पुढे वारा सुटला आणि ऊस सळसळायला लागला. शेवटच्या दहात दोन आठ पडले. बेरीज पाचशे त्र्याहत्तर. तीन गुणांनी संघात. मी वहीत आकडा लिहिला आणि या वेळी आलेख काढला नाही. सुभेदार ज्येष्ठांच्या गटात दुसरे आले आणि पहिल्याचं नशीब चांगलं होतं असं दिवसभर सांगत राहिले.

त्या आठवड्यात मी मिस्त्रींकडे गेलो. दुकान अरुंद, भिंतीला हत्यारांच्या ओळी, एका खिळ्याला सुकलेला झेंडूचा हार. सोबत दोन्ही बोल्ट, क्लबच्या पत्रासह. मला ताटात ठेवल्यावरही, कुंकवाखालीही ओळखू येईल अशी खूण हवी होती. त्यांनी बोल्टच्या मुठीवर, जिथे ताण येत नाही तिथे, एकावर एक ठिपका आणि दुसऱ्यावर दोन ठिपके ठोकले. डोळे मिटून नखाने चाचपून बघा म्हणाले. मी बघितलं. कळत होतं. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक बोल्टला रायफलीचा नंबर लिहिलेली वेगळी वाटी, हेही ठरवून आलो होतो; ते ऐकून त्यांनी मान डोलावली.

रविवारच्या कामाचे पैसे विचारले तर त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "त्ये काम न्हवतं. अदलाबदल केली निस्ती. त्येचं काय घ्यायचं?" मी म्हणालो, यायला-जायला लागलं, दोन तास गेले, डोळा वाचवलात. ते म्हणाले, डोळा चष्म्याने वाचवला, त्याचे पैसे तुम्ही त्या दुकानात दिलेत. ठिपक्यांचे मात्र घेतो, म्हणाले. ते काम आहे.

तीन ठिपक्यांचे प्रत्येकी पन्नासप्रमाणे दीडशे रुपये झाले. मी दोनशेची नोट दिली. त्यांनी गल्ल्यातून पन्नासची नोट काढून परत केली आणि मला ती घ्यावी लागली. एकूण दीडशे रुपये, रोख, मिस्त्रींना.